शेतातल्या होमस्टेचा महिनावार हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली-गुहागर पट्ट्यात आंब्या-काजूच्या बागेत दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवायचा विचार करणारे बरेच जण मला आपले हिशेब पाठवतात. त्यांच्या प्रश्नांतले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच नमुना घेतला आहे: जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छपराची दोन कॉटेज, प्रत्येकी ९ लाख. विहिरीवरचा पंप, सेप्टिक टँक, स्वयंपाकघर, कुंपण असा सामाईक खर्च ४ लाख. एकूण २२ लाख, आयुष्य २० वर्षं. आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

१. वर्षाला तीन लाख सुटणार, खर्च बावीस लाख. म्हणजे सव्वासात वर्षांत पैसे वसूल. एवढा हिशेब पुरेसा नाही का?

नाही. सातव्या वर्षी येणारा रुपया आज हातात असलेल्या रुपयाइतका नसतो. तोच रुपया आज बँकेत ठेवला असता किंवा कर्जातून वळता केला असता तर मधल्या काळात वाढला असता. म्हणून पुढे येणारी प्रत्येक रक्कम आजच्या किमतीत आणायची, म्हणजे डिस्काउंट करायची, त्यांची बेरीज करायची आणि त्यातून आजचा खर्च वजा करायचा. उरेल ते निव्वळ वर्तमान मूल्य. ते शून्याच्या वर असेल तर तुम्ही मागितलेल्या दरापेक्षा बागेतल्या कॉटेजनी जास्त दिलं, खाली असेल तर कमी.

सव्वासात वर्षांच्या हिशेबात आणखी दोन गोष्टी दडून राहतात. पहिल्या वर्षी पाहुणे निम्मेच येतात आणि सातव्या वर्षी गाद्या, बॅटऱ्या, नळ बदलायची वेळ येते. त्यांचं काय होतं ते प्रश्न ५ मध्ये.

२. हिशेब महिन्याने का करायचा? वर्षाची सरासरी घेतली तर काय बिघडतं?

कोकणातल्या होमस्टेत सरासरी महिना असा नसतोच. मे महिना आणि सप्टेंबर यांच्यात सातपट फरक पडतो. आमच्या नमुन्यात दोन्ही कॉटेज मिळून भरलेल्या रात्री आणि महिन्याअखेर उरणारे पैसे असे आहेत:

| महिना | भरलेल्या रात्री | उरले (रु.) |
|---|---|---|
| ऑक्टोबर | २० | २४,००० |
| नोव्हेंबर | ३० | ६२,००० |
| डिसेंबर | ४० | ९०,००० |
| जानेवारी | २५ | ३५,५०० |
| फेब्रुवारी | १८ | १९,४०० |
| मार्च | १२ | −४०० |
| एप्रिल | २४ | ३३,२०० |
| मे | ४४ | १,०१,२०० |
| जून | १२ | −४०,४०० |
| जुलै | ८ | −७,६०० |
| ऑगस्ट | १० | −४,००० |
| सप्टेंबर | ६ | −११,२०० |

वर्षाच्या २४९ रात्री, म्हणजे ७३० पैकी साधारण ३४ टक्के. शिल्लक ३,०१,७०० रुपये. मार्चमध्ये परीक्षा असतात. सप्टेंबरच्या आसपास गणपतीला मुंबईकर गावी येतात खरे, पण आपापल्या घरी उतरतात. हे ज्याला माहीत आहे त्याला हा तक्ता पाहून नवल वाटणार नाही.

वर्षाचे पैसे वर्षाअखेर एकदम आले असं धरून १२ टक्क्यांनी २० वर्षं मोजलं तर आजची किंमत २२.५४ लाख येते. तेच महिन्या-महिन्याने, ऑक्टोबरपासून मोजलं तर २४.४० लाख. रात्रीही त्याच, दरही तेच. फरक १ लाख ८६ हजारांचा पडतो, कारण दिवाळी, नाताळ आणि मे हे सगळे पैसे वर्ष संपायच्या आधीच हातात येतात.

३. तक्त्यातले आकडे कुठून आले? एका रात्रीचे किती धरायचे?

एका रात्रीमागे जे खरोखर हातात राहतं तेच धरायचं. नमुन्यात मे, नोव्हेंबर, डिसेंबरचा दर ३,००० रुपये आहे. जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल, ऑक्टोबरचा २,५०० आणि बाकी महिन्यांचा २,०००. त्यातून धुलाई, साफसफाई, वीज आणि बुकिंगवाल्याचं कमिशन मिळून ६०० वजा केले. जेवणातून सामान आणि बनवणाऱ्याची मजुरी काढून ४०० उरतात, ते मिळवले. म्हणजे तीन प्रकारच्या महिन्यांत रात्रीमागे २,८००, २,३०० आणि १,८००.

त्यातून दर महिन्याचा ठरलेला खर्च जातो, पाहुणा येवो न येवो. राखणदार जोडप्याचे १६,००० आणि किरकोळ दुरुस्ती, इंटरनेट वगैरेचे ६,०००. जूनमध्ये ४०,००० जास्तीचे जातात: पावसाच्या तोंडावर शाकारणी, फुटलेली कौलं, वाशांना वाळवीचं औषध, पडवीला झडपा.

जेवणाच्या हिशेबात घरच्या बाईमाणसाची मजुरी न धरण्याची चूक जवळजवळ प्रत्येक कागदावर दिसते. आई आणि वहिनी मिळून मेमध्ये चव्वेचाळीस रात्रींचा स्वयंपाक करणार असतील तर त्यांची मजुरी धराच. ती न धरता फायदा दिसत असेल, तर तो फायदा कॉटेजचा नाही, त्यांच्या कष्टाचा आहे.

४. दर कोणता धरायचा? आणि वर्षाचे १२ टक्के म्हणजे महिन्याचा १ टक्काच ना?

महिन्याचा १ टक्का धरला तर वर्षाला १२.६८ टक्के होतात. १२ टक्केच हवे असतील तर महिन्याचा दर ०.९४९ टक्के. वीस वर्षांत एवढाही फरक जाणवतो.

दर ठरवताना दोन गोष्टी बघाव्यात. बँक कर्ज किती टक्क्यांनी देते, आणि तुमचे स्वतःचे पैसे दुसरीकडे, तेवढ्याच जोखमीवर, किती देतील. पाहुण्यांच्या धंद्याला मुदत ठेवीचा दर लावू नये. ठेवीला पाऊस लागत नाही.

एक्सेल शीटच्या D स्तंभात दर महिन्याला उरणारे पैसे D2 पासून ओळीने लिहून मग असं लिहावं:

```
B1: =(1+12%)^(1/12)-1
B2: =NPV(B1, D2:D241) - 2200000
```

इथे दोन ठिकाणी हमखास चुकतं. `NPV` पहिली रक्कम एक महिन्यानंतरची समजतो, म्हणून आज होणारा २२ लाखांचा खर्च कंसाबाहेर ठेवायचा. दुसरं म्हणजे रिकाम्या महिन्यात शून्य लिहायचं. घर मोकळं सोडलं तर एक्सेल ते मोजतच नाही आणि त्यापुढचे सगळे महिने एकेक घर अलीकडे सरकतात. जुलै-ऑगस्ट बंद ठेवणाऱ्याने ती घरं रिकामी ठेवली की वीस वर्षांत चाळीस महिने गायब होतात आणि कॉटेज कागदावर उगीच चांगलं दिसतं.

५. मग या नमुन्यातली कॉटेज परवडतात की नाही?

२४.४० लाखांतून २२ लाख गेले, २.४० लाख उरले. पण अजून दोन वजाबाक्या आहेत. पहिल्या वर्षी निम्म्या आणि दुसऱ्या वर्षी पाऊणपट रात्री भरतील असं धरलं तर आजच्या किमतीत ४.१७ लाख कमी होतात. सातव्या आणि चौदाव्या वर्षी अडीच-अडीच लाखांची मोठी डागडुजी, तिचे १.६४ लाख. उत्तर येतं उणे ३.४१ लाख.

इथे पुष्कळ जण कागद मिटून ठेवतात. त्याआधी प्रश्न ६ वाचावा, कारण या उत्तरात एक चूक आहे.

६. वीस वर्षं तोच दर? तीन हजारांची खोली वीस वर्षांनी तीन हजारांतच देणार का?

हीच ती चूक. कर्जाच्या किंवा अपेक्षेच्या १२ टक्क्यांत महागाई धरलेली असते. आपण मात्र खोलीचे दर आणि पगार आजचेच ठेवले. एका बाजूला महागाई धरली आणि दुसऱ्या बाजूला सोडली.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक तर दर, पगार, कौलं सगळं दरवर्षी वाढवत न्यायचं आणि १२ टक्के तसेच ठेवायचे. नाहीतर सगळे आकडे आजच्या भावात ठेवून दरातूनच महागाई काढायची. महागाई ५ टक्के धरली तर १.१२ भागिले १.०५, म्हणजे खरा दर ६.६७ टक्के. १२ वजा ५ म्हणून ७ धरू नका, भागाकारच करा.

या दराने आजची किंमत ३४.३३ लाख येते. त्यातून २२ लाख बांधकाम, ४.३३ लाख सुरुवातीची दोन वर्षं, २.६० लाख डागडुजी. उरतात अधिक ५.४० लाख. पुढच्या उत्तरांत हाच आकडा धरला आहे.

तरी या ५.४० लाखांवर मी फार विसंबत नाही. सगळं सारखं ५ टक्क्यांनी वाढेल असं त्यात गृहीत आहे. प्रत्यक्षात सुताराची आणि शाकारणीवाल्याची मजुरी दरवर्षी वाढते, खोलीचा दर मात्र शेजारच्या गावात नवीन चार होमस्टे झाले की तीन-तीन वर्षं हलत नाही. शक्य असेल तर पहिली रीत घ्या आणि पगाराला खोलीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त वाढ लावून बघा.

७. अंदाज थोडा चुकला तर किती बिघडेल?

सगळ्या महिन्यांत मिळून रात्री साडेआठ टक्के कमी भरल्या की ५.४० लाखांचे शून्य होतात. म्हणजे वर्षाला २४९ ऐवजी २२८ रात्री. एकवीस रात्रींवर अख्खा निर्णय उभा आहे. माझ्या मते या सगळ्या हिशेबातला लक्षात ठेवायचा आकडा हाच.

त्या कुठल्या रात्री, हेही महत्त्वाचं. दरवर्षी मेमधल्या १० रात्री गेल्या तर वीस वर्षांचे मिळून आजच्या किमतीत ३.११ लाख जातात. जुलैमध्ये १० रात्री जास्त मिळवल्या तर १.९८ लाख येतात. पावसाळी पाहुण्यांसाठी जाहिरातीवर खर्च करण्याआधी मे महिन्यात पाणी कमी पडून किती बुकिंग परत करावी लागतील ते बघा. या पट्ट्यात विहिरी मेमध्येच तळाला जातात. दोन कॉटेजना टँकर लागणार असेल तर तो खर्च मे महिन्याच्या ओळीतच लिहा.

८. पावसाळ्यात तीन महिने बंदच ठेवलं तर?

जुलै ते सप्टेंबर तिन्ही महिने उणे आहेत, म्हणून हा प्रश्न साहजिक आहे. पण बंद ठेवल्याने काय वाचतं ते बघावं लागेल. राखणदाराचा पगार चालूच राहणार असेल तर काहीच वाचत नाही. उलट त्या २४ रात्रींचे ४३,२०० रुपये जातात.

पगार थांबवला तर ४८,००० वाचतात, म्हणजे ४,८०० चा फायदा. एवढ्यासाठी जोडपं दुसरीकडे कामाला लागलं तर ऑक्टोबरमध्ये नवीन माणूस शोधण्यात दिवाळी निघून जाते. शिवाय बंद घराला पाऊस जास्त खातो. तीन महिने दारं-खिडक्या न उघडलेल्या खोलीत गाद्यांना बुरशी येते आणि भिंतीतून चढलेली वाळवी चौकटीत शिरेपर्यंत कुणाला दिसत नाही. मी तरी बंद ठेवू नका असंच सांगतो.

९. कर्जाचा हप्ता महिन्याच्या खर्चात का दिसत नाही?

कारण डिस्काउंटच्या दरात पैशाची किंमत आधीच धरली आहे. हप्ताही वजा केला तर तेच व्याज दोनदा वजा होतं. कॉटेज परवडतात का आणि हप्ता भरता येईल का हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यासाठी वेगळं पान करावं, त्यात डिस्काउंट अजिबात नको.

समजा १२ लाखांचं कर्ज, ११ टक्के, सात वर्षं. हप्ता साधारण २०,५५० रुपये. जून ते सप्टेंबर धंद्यातली तूट ६३,२०० आणि चार हप्त्यांचे ८२,२००. म्हणजे मे संपताना खात्यात किमान १,४५,००० बाजूला असायला हवेत. मे महिन्यात लाखभर आले म्हणून नवीन झोपाळा घेणारे ऑगस्टमध्ये अडकतात ते यामुळेच.

पहिलं वर्ष याहून कठीण आहे. रात्री निम्म्या भरल्या तर वर्षअखेर शिल्लक जवळजवळ शून्य येते, आणि हप्ते मात्र २,४७,००० चे. दुसऱ्या वर्षीही ९६,००० च्या आसपास कमी पडतात. कर्ज घेतानाच पहिल्या वर्षापुरती हप्त्याची सवलत मागा, किंवा साडेतीन लाख हाताशी ठेवूनच पाया खणा.

१०. बांधकाम कधी पुरं व्हावं?

सप्टेंबरअखेर, म्हणजे दिवाळीचे पाहुणे घेता येतील. तीच कॉटेज ऑक्टोबरऐवजी जूनमध्ये सुरू झाली तर प्रश्न २ च्या १२ टक्क्यांच्या हिशेबात २४.४० लाखांचे २२.९४ लाख होतात. पहिले चार महिने उण्यातच जातात आणि पुढे प्रत्येक वर्षी सीझनचे पैसे चार महिने मागे सरकतात.

अडचण अशी की पावसात कोकणात बांधकाम होत नाही. म्हणून जांभा, वासे, कौलं मेअखेर चढायला हवीत आणि पावसाळ्यात आतलं काम करायचं: फरशी, वायरिंग, नळ. छप्पर मेअखेर होत नसेल तर पाया भरून थांबा. उघड्या भिंतींवर पाऊस घेऊन वर्षभर अडकलेले पैसे हिशेबात कुठेच दिसत नाहीत, पण खिशाला दिसतात.

११. २०२० सारखं वर्ष पुन्हा आलं तर?

२०२० चा मे लॉकडाऊनमध्ये गेला. पाठोपाठ ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला आलं. मंडणगड-दापोलीतल्या कित्येक बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. २०२१ चा मेही निर्बंधांत गेला आणि त्याच महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून वर सरकलं.

हे दरात भर घालून भागवू नका. महिन्याच्या ओळीतच धरा. दहा वर्षांत एक मे पूर्ण बुडेल असं समजलं तर मेच्या १,२३,२०० रुपयांतून दरवर्षी १२,३०० कमी लिहायचे. त्याने निव्वळ मूल्य १.३७ लाखांनी घटतं, ४.०३ लाख उरतात. छपराच्या विम्याचा हप्ता ठरलेल्या खर्चात वेगळा धरा. वादळाने उडालेलं छप्पर आणि न आलेला पाहुणा ही दोन वेगळी नुकसानं आहेत.

१२. जागा आपलीच आहे. तिचे पैसे धरायचे का?

खरेदीची किंमत नाही, पण तिथून जे पीक जाणार ते धरायचं. दहा गुंठ्यांत दहा मीटर अंतराने हापूसची दहाएक कलमं बसतात. ती तोडून कॉटेज होणार असेल तर त्या झाडांचं मजुरी-फवारणी वजा जाता उत्पन्न एप्रिल-मेच्या ओळीत उणे लिहा. कातळावर, जिथे गवताशिवाय काही येत नाही, तिथे शून्य लिहिलं तरी चालेल. नमुन्यात कातळच धरला आहे.

१३. पाहुणे जाताना आंब्याच्या पेट्या नेतात. ते उत्पन्न होमस्टेचं धरू का?

पूर्ण पेटीचे पैसे नाही. पाहुणा आला नसता तरी आंबा वाशीला गेलाच असता. दारात मिळालेला भाव वजा वाशीत हाताला लागणारा भाव, एवढंच होमस्टेमुळे मिळालं. वाशीच्या भावातून गाडीभाडं, हमाली, दलाली काढायला विसरू नका. ती काढली की फरक बऱ्यापैकी मोठा निघतो, आणि तो मे महिन्याच्या ओळीत हक्काने लिहावा.

१४. वीस वर्षांनंतर कॉटेजची किंमत काय धरायची?

मी शून्य धरतो. जांभ्याच्या भिंती उभ्या राहतील, पण तोवर वासे, वायरिंग, संडास सगळं नव्याने करावं लागतं आणि तो खर्च जवळजवळ नव्या कॉटेजचाच असतो. बांबू आणि लाकडाची कॉटेज असतील तर आयुष्य वीस वर्षं धरूच नका. समुद्राजवळ पत्र्याचं छप्पर असेल तर खारी हवा तो किती वर्षांत खाते ते गावातल्या जुन्या पत्र्यांकडे बघून ठरवा आणि बदलायचा खर्च त्या वर्षाच्या जूनमध्ये लिहा.

१५. पैसे कमी आहेत. आधी एकच कॉटेज बांधून बघू का?

सावधपणाचा वाटतो, पण हिशेब उलटा निघतो. एकच कॉटेज असेल तर वर्षाच्या १६८ रात्री भरतील असं धरू. दुसऱ्या कॉटेजमुळे फक्त ८१ रात्री वाढतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त मे, नोव्हेंबर, डिसेंबरमधल्या. त्या ८१ रात्री तिची शाकारणी आणि किरकोळ दुरुस्ती वजा जाऊन वर्षाला १,५८,३०० देतात, नऊ लाखांवर. पहिल्या कॉटेजकडे उरतात १,४३,४००, तेही तेरा लाखांवर, कारण राखणदार, पंप, सेप्टिक टँक सगळ्याचा भार तिच्यावर पडतो. एकटीचं निव्वळ मूल्य प्रश्न ६ च्याच दराने उणे पाऊण ते एक लाख येतं.

एकाच कॉटेजपुरते पैसे असतील तर राखणदाराचा पगार बघा. त्याच जोडप्याला बागेत अर्धा वेळ काम असेल, आणि त्यासाठी तुम्ही नाहीतरी गडी लावत असाल, तर ८,००० रुपये बागेच्या खात्यात टाका. तेवढ्यावर एक कॉटेजसुद्धा उण्यातून वर येते. बागेत तेवढं काम नसताना मात्र पगार तिकडे लिहू नका, तो तोटा तिथे जाऊन बसेल.